लॅबमधला नमुना 2840 ला तुटला, माझं गणित 1160 म्हणतंय. चूक कुठे?

डोंगरवाट

मंडळी, चार दिवस एकाच आकड्यावर अडकलोय. आम्ही ट्रॅक्टरच्या मागे लावायच्या औजारांचे भाग बनवतो. त्यातला एक पिन-ब्रॅकेट बेंचवर चाचणीत लवकर तडकतो, म्हणून बाहेरच्या लॅबकडून त्याच पोलादाच्या स्ट्रेन-लाइफ चाचण्या करून घेतल्या. लॅबने दिलेले आकडे असे:

E = 200 GPa, σf' = 900 MPa, b = -0.09, εf' = 0.5, c = -0.56

सूत्र सगळ्यांना माहीत असलेलंच:

ε_a = (σf'/E)(2N)^b + εf'(2N)^c

ब्रॅकेटकडे जाण्याआधी म्हटलं, लॅबचाच एखादा नमुना गणितातून परत येतो का ते पाहू. सात नंबरच्या नमुन्यापुढे त्यांनी 1.2% स्ट्रेन आणि 2840 सायकल असं लिहिलंय. मी 0.012 घालून सूत्र सोडवलं तर उत्तर 1160 आलं. म्हणजे नमुना माझ्या गणितापेक्षा अडीच पट जास्त टिकला. लॅबने स्थिरांक चुकीचे काढले असं वरिष्ठ म्हणतात, आणि मला लॅबशी भांडायला पाठवतायत. जाण्याआधी इथे विचारतोय.

आलेख_काका

लॅबशी भांडण्याआधी सूत्रातला 2 बघा. सूत्रात N नाही, 2N आहे. तुम्ही जे 1160 काढलं ते 2N असणार. एका सायकलमध्ये दोन रिव्हर्सल असतात, एक ताणाकडे जाताना आणि एक दाबाकडे येताना. तेव्हा तुमचं खरं उत्तर 580 सायकल. आता नमुना गणिताच्या पाच पट टिकला, म्हणजे वरिष्ठांचं म्हणणं अधिकच खरं ठरतं.

बत्तीस वर्षं इंजिनाच्या भागांचं डिझाइन केलं, पण या स्ट्रेनच्या भानगडीत कधी पडलो नाही. स्ट्रेस काढा, एस-एन आलेखावर ठेवा, आयुष्य वाचा. सूत्राचा पहिला भाग म्हणजे 1910 सालचं बास्क्विनचं नातंच आहे. तेवढं पुरतं.

डोंगरवाट

काका, 2N चं बरोबर आहे. मी 1160 लाच सायकल समजत होतो. पण मग फरक वाढला की! 580 कुठे आणि 2840 कुठे.

धातुवेडी

काकांनी रिव्हर्सलची चूक अचूक पकडली, पण तिच्यामागे दुसरी दडली आहे आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. डोंगरवाट, रिपोर्टमध्ये 1.2% च्या रकान्याचं शीर्षक नेमकं काय आहे? `Δε` आहे की `Δε/2`? आणि एक्स्टेन्सोमीटरची गेज लांबी किती दिलीय?

डोंगरवाट

ताई, शीर्षक `Total strain range, Δε` असं आहे. गेज लांबी 12.5 मिमी.

धातुवेडी

मग मिळालं. सूत्राच्या डाव्या बाजूला अँप्लिट्यूड असतं, म्हणजे मधल्या शून्यापासून एका टोकापर्यंतचं अंतर. लॅबने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं पूर्ण अंतर दिलंय. 12.5 मिमी लांबीचा तो तुकडा 0.075 मिमी लांबला आणि मूळ लांबीपेक्षा 0.075 मिमी आखडला. एकूण हालचाल 0.15 मिमी, म्हणजे 1.2%. सूत्रात घालायचे ते 0.006.

```python
from scipy.optimize import brentq
E, sf, b, ef, c = 200e3, 900, -0.09, 0.5, -0.56
f = lambda R: sf/E*R**b + ef*R**c - 0.006
R = brentq(f, 1, 1e7)
print(R, R/2)
```

यातून रिव्हर्सल साधारण 5720 येतात आणि सायकल 2860. नमुना 2840 ला तुटला. फटीगच्या चाचणीत इतकं जवळचं उत्तर येणं हा थोडा योगायोगच, पण लॅबचे स्थिरांक चुकलेले नाहीत एवढं नक्की.

तुमच्या हातून दोन चुका एकदम झाल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या. रिव्हर्सलला सायकल समजलात त्याने आयुष्य दुप्पट दिसलं. रेंजला अँप्लिट्यूड समजलात त्याने ते जवळजवळ पाच पटीने घटलं. उरला अडीच पटीचा फरक, आणि तो इतका मधला होता की दोष चाचणीचा वाटावा. काकांनी एक चूक काढल्यावर फरक वाढला तो त्यामुळेच.

बाइंडिंगवायर

मी फॅब्रिकेशनवाला, सूत्रं कळत नाहीत, पण हा धागा माझ्या रोजच्या कामाचा वाटला म्हणून लिहितो. काळी बाइंडिंग वायर पक्कड नसली की आम्ही हाताने इकडे-तिकडे वाकवून तोडतो. आज मुद्दाम मोजलं. चौदा वेळा वाकवल्यावर तुटली. पहिली दोन-तीन वळणं एकदम मऊ, नंतर तीच तार हाताला घट्ट लागते, आणि तुटायच्या आधी वाकते तिथे बोटाला गरम लागतं. तर ही चौदा म्हणजे तुमच्या भाषेत चौदा सायकल का?

धातुवेडी

दादा, तुम्ही जे मोजलं तेच रिव्हर्सल! एकदा इकडे वाकवली की एक, परत तिकडे वाकवली की दुसरं. चौदा वळणं म्हणजे सात सायकल.

रिव्हर्सल मोजायची पद्धत का पडली तेही तुमच्या तारेवरून सांगता येतं. एखादा तुकडा एकदाच ओढून तोडला तर ती पूर्ण सायकल होत नाही, एकच रिव्हर्सल होतं. रिव्हर्सल मोजले की सूत्रात 2N च्या जागी 1 घालता येतो आणि दोन्ही घात गळून पडतात. प्लास्टिक भागात फक्त εf' उरतो. म्हणून तो आकडा साध्या ओढून तोडायच्या चाचणीतल्या तुटतानाच्या खऱ्या स्ट्रेनच्या आसपास सापडतो. अगदी तोच नसतो, पण भलताच दूर असेल तर चाचणीकडे पुन्हा बघावं.

तार घट्ट लागते तेही खरं आहे. मऊ केलेलं लोखंड असं उलटसुलट वाकवलं की आधी कडक होत जातं. काही पोलादं उलट मऊ पडतात. म्हणून लॅबवाले स्ट्रेस-स्ट्रेनच्या आलेखावरचा पहिल्या सायकलचा लूप घेत नाहीत, आयुष्याच्या मध्यावरचा घेतात. तोवर स्ट्रेस बराचसा स्थिरावलेला असतो.

डोंगरवाट, सात नंबरचा तो मधला लूप तुमच्याकडे आहे का? त्यावरून माझं गणित तपासता येईल. 0.006 पैकी इलॅस्टिक वाटा 0.0021 आणि प्लास्टिक 0.0039 यायला हवा. म्हणजे टोकाचा स्ट्रेस साधारण 413 MPa, आणि स्ट्रेस शून्य असतो त्या आडव्या रेषेवर लूपची रुंदी 0.79% च्या जवळ.

डोंगरवाट

आहे, रिपोर्टच्या शेवटी छापलाय. आत्ता पट्टीने मोजला. वरचं टोक 418, खालचं 424. शून्य रेषेवर डावीकडे 0.39 आणि उजवीकडे 0.39, एकूण 0.78%. ताई, लूप हातात धरून हे मोजलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की सूत्रातले ते दोन तुकडे कागदावरचे नाहीत, लूपमध्ये खरोखरच दिसतात. तिरक्या सरळ कडा म्हणजे इलॅस्टिक आणि पोट म्हणजे प्लास्टिक.

सोल्डर_पुणे

मध्येच येतोय, कारण आमच्याकडे हाच घोळ दुसऱ्या बाजूने होतो. मी इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर काम करतो. थंड-गरम होताना चिप आणि बोर्ड वेगवेगळे प्रसरण पावतात आणि मधला सोल्डरचा सांधा मरतो. आमच्याकडे सूत्राचा प्लास्टिक भागच वापरतात, पहिला भाग कुणी लिहीतही नाही. आणि काही पेपरांत 2N असतं, काहींत नुसतं N. एकदा एका पेपरातला स्थिरांक दुसऱ्याच्या सूत्रात घातला आणि आख्खी तुकडी पुन्हा तपासावी लागली. तुम्ही इलॅस्टिक भाग कशासाठी ठेवता?

धातुवेडी

तुमच्या सांध्यात प्रत्येक फेरीला प्लास्टिक स्ट्रेन इतका मोठा असतो की इलॅस्टिक वाटा धरला काय, सोडला काय, आयुष्यात फारसा फरक पडत नाही. मुळात हा विचार उष्णतेच्या फेऱ्यांतूनच आला. 1950 च्या दशकात कॉफिन जनरल इलेक्ट्रिकमध्ये आणि मॅन्सन अमेरिकेच्या NACA या विमान-संशोधन संस्थेच्या क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत, दोघे स्वतंत्रपणे, गरम-थंड होणाऱ्या धातूंच्या मागे लागले होते आणि प्लास्टिक स्ट्रेन व आयुष्य यांच्या त्याच नात्यापाशी पोचले.

डोंगरवाट यांच्या पोलादात मात्र दोन्ही वाटे समान होतात तो बिंदू 22,500 रिव्हर्सलच्या आसपास, म्हणजे 11,000 हून थोड्या जास्त सायकलींवर येतो. त्या अलीकडे प्लास्टिकचं राज्य, पलीकडे इलॅस्टिकचं. ट्रॅक्टरचं औजार या बिंदूच्या दोन्ही बाजूंना फिरतं. खडकात अडकलं की अलीकडे, नेहमीच्या कामात पलीकडे. म्हणून दोन्ही भाग लागतात.

सूत्र कुणाचंही असो, स्थिरांक ज्या मोजणीवर बसवलेत तीच मोजणी आयुष्य काढताना वापरायची. 2N वर बसवलेला εf' जर N च्या सूत्रात टाकला, तर तो 2^c एवढ्या पटीने चुकतो. इथे c = -0.56 आहे, म्हणजे चूक जवळजवळ दीडपट.

आलेख_काका

रेंजची बाब माझ्या लक्षात यायला हवी होती, ती तुम्ही दाखवलीत. पण माझा मूळ प्रश्न कायम आहे. तुमच्या गणितात टोकाचा स्ट्रेस 413 येतोय ना? मग पहिल्याच भागात 413 घालून आयुष्य काढता येतं. प्लास्टिकची गरज कुठे पडली?

धातुवेडी

काका, 413 घातलं तर उत्तर बरोबरच येईल, कारण तो आकडा त्याच आयुष्यावरून काढलाय. अडचण अशी की या भागात स्ट्रेसची रेषा फार चपटी आहे. 413 मध्ये 5% चूक करा, 434 घ्या, आयुष्य चाळीस टक्क्यांहून जास्त घटतं. स्ट्रेनमध्ये तेवढीच 5% चूक केली तर आयुष्य बारा टक्क्यांच्या आसपास हलतं. धातू वाहू लागला की स्ट्रेस फारसा बदलत नाही, सगळा फरक स्ट्रेनमध्ये दिसतो. आयुष्य तिथूनच वाचलेलं बरं.

आणि खऱ्या भागावर तुम्हाला लूप मिळतच नाही, तिथे रेखीय एफइए चा स्ट्रेस मिळतो. डोंगरवाट, ब्रॅकेटवर तो किती आहे?

डोंगरवाट

पिनच्या भोकाजवळ खांद्याची गोलाई आहे, तिथे 704 MPa. नाममात्र स्ट्रेस 320, Kt 2.2. भार पूर्ण उलटसुलट, मीन स्ट्रेस नाही. बेंचवर तीन ब्रॅकेट झाले. भिंगातून तडा दिसला तेव्हा 1700, 1900 आणि 2300 सायकल.

धातुवेडी

उत्तम, हेच हवं होतं. 704 चे तीन उपयोग करून बघू.

काकांच्या पद्धतीने तो थेट पहिल्या भागात घातला तर आयुष्य फक्त 15 रिव्हर्सल येतं. ब्रॅकेट आठव्या फेरीला मोडायला हवा होता. धातू 704 पर्यंत जातच नाही, त्याआधीच वाहतो, म्हणून हे उत्तर निरर्थक.

दुसरी नेहमीची पद्धत म्हणजे 704 ला E ने भागून 0.0035 हा स्ट्रेन घेणं. त्यावर 12,600 सायकल येतात. प्रत्यक्षाच्या कितीतरी पट. इथे गोलाईतला धातू वाहिल्यावर वाढलेला स्ट्रेन मोजलाच गेला नाही.

तिसरी पद्धत न्यूबरची. ती म्हणते की गोलाईतल्या खऱ्या स्ट्रेस आणि स्ट्रेनचा गुणाकार हा रेखीय गणितातल्या गुणाकाराएवढा धरा:

σ·ε = (704)²/E = 2.48

आणि ही जोडी त्या पोलादाच्या सायक्लिक स्ट्रेस-स्ट्रेन वक्रावर बसली पाहिजे. तुमच्या स्थिरांकांवरून n' = b/c = 0.16 आणि K' साधारण 1006 MPa निघतो. जोडी येते 413 MPa आणि 0.006. म्हणजे तुमची गोलाई नेमकी सात नंबरच्या नमुन्यासारखीच राबते आहे. आयुष्य 2860.

डोंगरवाट

म्हणजे सात नंबरचा नमुना माझ्या ब्रॅकेटचा जुळा भाऊच निघाला! पण ब्रॅकेट तर 1700 ते 2300 मध्ये तडकले. 2860 ला एकही पोचला नाही.

आलेख_काका

तीनच नमुने आहेत आणि फटीगमध्ये दुपटीचा फरक कुणी मनावर घेत नाही. सोडून द्या.

धातुवेडी

दुपटीच्या आतलं आहे हे मान्य, पण मी सोडून देणार नाही. तिन्ही एकाच बाजूला पडलेत. निव्वळ विखुरणं असतं तर एखादा तरी पलीकडे गेला असता. शिवाय न्यूबर सहसा स्ट्रेन थोडा जास्तच दाखवतो, म्हणजे त्याचं आयुष्य खरं तर कमी यायला हवं. इथे उलटं झालंय.

मला नाममात्र 320 खटकतोय. या पोलादाचा सायक्लिक यील्ड त्याच वक्रावरून 370 च्या आसपास निघतो. 320 त्याच्या इतका जवळ आहे की गोलाईच काय, आख्खा छेदसुद्धा थोडा वाहत असणार. वक्रावर 320 ला स्ट्रेन 0.0016 नाही, 0.0024 आहे. वर लिहिलेलं न्यूबरचं रूप नाममात्र भाग पूर्ण इलॅस्टिक आहे असं गृहीत धरतं. ते गृहीत इथे मोडलं.

नाममात्र स्ट्रेनही वक्रावरून घेतला तर गुणाकार 2.48 चा 3.72 होतो, गोलाईतला स्ट्रेन 0.0084 आणि आयुष्य साधारण 1280 सायकल. तुमचे तिन्ही ब्रॅकेट 1280 आणि 2860 च्या मध्ये बसतात.

एक विचारते, तो 320 ओढीचा आहे की वाकण्याचा?

डोंगरवाट

मुख्यतः वाकण्याचा.

धातुवेडी

मग दोन आकड्यांच्या मध्ये पडणं समजण्यासारखं आहे. वाकताना 320 फक्त कातडीला असतो, आत उतरत जातो. कातडी वाहिली तरी आतला गाभा तिला धरून ठेवतो. म्हणून खरा स्ट्रेन 0.006 पेक्षा जास्त आणि 0.0084 पेक्षा कमी. नेमका किती ते हाताने नाही सांगता येणार. प्लास्टिक एफइए मध्ये हाच सायक्लिक वक्र घालून दोन-तीन फेऱ्या चालवा आणि गोलाईवरचा स्ट्रेन वाचा. एकदा ओढून काढलेला वक्र तिथे घालू नका. तुमचं पोलाद फेऱ्यांमध्ये मऊ पडत असेल तर स्ट्रेन कमी दिसेल आणि आयुष्य फुगेल.

सोल्डर_पुणे

एक शंका. लॅबच्या नमुन्याचं "तुटणं" आणि ब्रॅकेटचा "भिंगातून दिसलेला तडा" हे एकच आहे का? आमच्याकडे रेझिस्टन्स किती वाढला की सांधा मेला म्हणायचं यावरूनच आकडे बदलतात.

धातुवेडी

फार योग्य प्रश्न. काही लॅब नमुन्याचे दोन तुकडे झाले की थांबतात, काही कमाल भार ठरावीक टक्क्यांनी घसरला की. आपल्या सहा-सात मिलिमीटरच्या नमुन्यात भार घसरतो तेव्हा आत मिलिमीटरभराचा तडा पडलेला असतोच. ब्रॅकेटवर तुम्ही भिंगातून अर्धा मिलिमीटरचा तडा पकडला असेल, तर तुमची मोजणी लॅबच्या आधी थांबली. तेवढ्यानेही तिन्ही आकडे खाली सरकले असतील.

डोंगरवाट

रिपोर्ट पुन्हा उघडला. `Failure criterion: 25% load drop` असं आहे. आमच्याकडे मुलाने टॉर्च आणि भिंग घेऊन दर शंभर सायकलला थांबून पाहिलंय. तडा किती लांब होता ते मोजलेलं नाही.

बाइंडिंगवायर

एक सांगू का? ती गोलाई लेथवर काढलेली आहे ना? आमच्याकडे असा खांदा तुटतो तेव्हा तो नेहमी टूलच्या रेघेवरून जातो. नखाने चाचपलं तरी रेघ लागते. लॅबचा नमुना आरशासारखा घासलेला असतो असं ऐकलंय.

आलेख_काका

या बाबतीत बाइंडिंगवायर यांच्या बाजूने. रेघांनी आयुष्य घटतं हे मी शंभरदा पाहिलंय.

धातुवेडी

लांब आयुष्यात नक्कीच घटतं, काका. इतक्या कमी फेऱ्यांत मात्र रेघेचा परिणाम कमी होतो, कारण प्लास्टिक स्ट्रेन इतका मोठा असतो की तडा घासलेल्या पृष्ठभागावरही लवकर फुटतो. किती कमी होतो, यावर मी पैज लावणार नाही. तीन ब्रॅकेटमध्ये तडा रेघेवरून गेलाय की रेघा ओलांडून, हे पाहिल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

डोंगरवाट

लॅबशी भांडायला जायचं रद्द केलं, वरिष्ठांना लूप दाखवला. 0.006 आणि 5720 रिव्हर्सल त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिले.

आता चौथा आणि पाचवा ब्रॅकेट लावतोय. एकाची गोलाई एमरी कागदाने लांबीच्या दिशेने घासली आहे, दुसरा जसा लेथवरून आला तसाच. भाराची नोंद सेलवरून सतत घेणार, म्हणजे 25% घसरण आमच्याकडेही पकडता येईल, आणि तडा दिसला की त्याची लांबी लिहिणार. तुटलेल्या तिघांतला 1900 वाला भिंगाखाली धरला आहे. तडा अर्धा भाग रेघेवरून गेलाय आणि मग रेघ सोडून खाली वळलाय. फोटो संध्याकाळी टाकतो.

धातुवेडी

फोटो टाकताना तडा सुरू कुठून झाला ते टोक स्पष्ट येऊ द्या. वळलेला भाग नंतरचा आहे, आपल्याला पहिला अर्धा मिलिमीटर बघायचाय.